कमोडला हलवू नकोस गं

अगं, तू पाठवलेला नकाशा मी काल रात्री दोनदा नीट बघितला. कंत्राटदाराने रंगीबेरंगी काढलाय, टाइल्सही छान निवडल्यात, आणि दार उघडल्यावर कमोड समोर दिसू नये हा त्याचा विचार मला कळतो. पण त्या नकाशावर सही करू नकोस. निदान माझं हे वाचून होईपर्यंत तरी नको. तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी तू हे काम काढलंयस, आणि त्या नकाशाने नेमकं त्यांचंच अवघड होणार आहे.

आधी तुझं घर माझ्या डोळ्यांसमोर मांडते. नालासोपाऱ्यातल्या तुमच्या इमारतीसारख्या चार मजली इमारती आपल्या भागात रांगेने उभ्या आहेत. 1990 मध्ये सिडकोकडे इथलं नियोजन आलं आणि 2009 च्या जुलैमध्ये वसई-विरार महापालिका झाली. त्या मधल्या वर्षांत बांधलेल्या वन बीएचकेंत बहुतेकदा एकच साचा दिसतो: पॅसेजमध्ये दोन दारं शेजारी शेजारी, एक संडासाचं, एक मोरीचं, आणि बाहेर भिंतीवर एक छोटं बेसिन. तुझा संडास 3 फूट रुंद आणि 4 फूट खोल, मोरी 4 बाय 4, मधे अर्ध्या विटेची भिंत, जी प्लास्टर-टाइल्स धरून 6 इंच भरते. दोन्हींची पाठ डक्टच्या भिंतीला. मधली भिंत पाडलीस की एक सलग खोली मिळते, साडेसात फूट लांब आणि 4 फूट रुंद, म्हणजे 30 चौरस फूट. राष्ट्रीय इमारत संहितेत एकत्र संडास-बाथरूमसाठी किमान 2.8 चौरस मीटर सांगितलेत, म्हणजे 30 चौरस फुटांच्या किंचित वर. तेव्हा तू अगदी काठावर आहेस. या जागेत एक वस्तू चुकीच्या ठिकाणी गेली तर बाकीच्या वस्तूंना जागा उरत नाही.

भिंत पाडावी की नाही, हेच आधी विचारते. घरात पाच-सहा माणसं असती आणि सगळ्यांना सकाळची विरार-चर्चगेट गाठायची असती, तर मी तुला भिंत पाडू दिली नसती. एक जण आंघोळीला आणि दुसरा संडासात, ही सोय जुन्या बांधणाऱ्यांनी उगाच केलेली नव्हती. पण तुम्ही तिघंच. तुझे हे सातला बाहेर पडतात, तू त्यांच्यानंतर, आणि सासूबाई दिवसभर घरात. त्यांना कमोडवरून उठून आंघोळीच्या स्टुलापर्यंत दोन दारं आणि दोन उंबरे ओलांडायला लागू नयेत, आणि गरज लागली तर हाताला धरायला शेजारी उभं राहता यावं, यासाठी भिंत पाडणं मला पटतं. हे ठरलं. आता वस्तू कुठे ठेवायच्या ते बघू.

कंत्राटदाराने कमोड डावीकडून काढून पार उजव्या टोकाला, मोरीच्या जागी नेलाय आणि आंघोळ डावीकडे आणलीय. कागदावर ही अदलाबदल सोपी दिसते. पण घाण पाणी फरशीखालून कसं जाणार, हे त्या कागदावर कुठेच नाही. तू फक्त एक गोष्ट लक्षात घे: प्रत्येक वस्तूतून पाणी किती उंचीवरून बाहेर पडतं. बेसिनचं पाणी फरशीपासून दीड फूट वरून निघतं, आणि त्याचा पाइप जेमतेम सव्वा-दीड इंचाचा. तो भिंतीच्या कडेने हळूहळू उतरत चार फूट गेला तरी कुणाचं काही बिघडत नाही. आंघोळीचं पाणी फरशीवरून नहाणी ट्रॅपमध्ये जातं, म्हणून त्याला थोडीच मोकळीक. कमोडचं मात्र फरशीच्याही खाली उतरतं, 4 इंची जाड पाइपातून, आणि त्यात पाण्याबरोबर मैलाही असतो. म्हणून कमोड मुख्य उभ्या पाइपाला जितका चिकटून असेल तितकं बरं. बेसिन फिरतं, कमोड फिरत नाही. नकाशा काढताना पहिली रेघ कमोडची काढायची, मग नहाणी, आणि उरेल तिथे बेसिन. तुझ्या कंत्राटदाराने उलट्या बाजूने सुरुवात केलीय.

आकडे घालून दाखवते, म्हणजे त्याच्यासमोर तुला बोलता येईल. तुझ्या संडासाचा उभा सॉइल पाइप डक्टमध्ये डाव्या बाजूला आहे. कमोड उजव्या टोकाला गेला तर फरशीखालून साधारण 6 फूट आडवा पाइप टाकावा लागेल. 4 इंची सॉइल पाइपाला दर 40 इंचांना 1 इंच उतार हवा. 6 फूट म्हणजे 72 इंच, त्याला पावणेदोन इंचांहून थोडा जास्त उतार. त्यावर पाइपाची स्वतःची जाडी साडेचार इंचांच्या आसपास, कमोडखालच्या बेंडला आणखी दीड-दोन इंच, खाली वॉटरप्रूफिंगचा थर, वर टाइल आणि तिचा माल. सगळं मिळून स्लॅबपासून तयार फरशीपर्यंत 11 इंच सहज लागतात.

तुझ्याकडे किती आहेत? हे फरशी न फोडताही कळतं. खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे जा आणि त्यांच्या मोरीचं छत बघ. पॅसेजच्या छतापेक्षा ते जितकं खाली आलेलं दिसेल, तितका तुझा स्लॅब खाली घेतलेला आहे. तू मागे म्हणालीस की त्यांचं छत साधारण 8 इंच खाली आहे. त्यात तुझ्या पॅसेजच्या लादीचे आणि मालाचे 2 इंच मिळव, आणि बाथरूमची फरशी पॅसेजपेक्षा पाऊण-एक इंच खाली ठेवायची ते वजा कर. हातात उरले 9 इंच. कमोड जागेवरच ठेवलास तर आडवा पाइप फूटभराचा, त्याला उतार पाव इंचाहून थोडा जास्त, आणि 9 इंचात सगळं जेमतेम बसतं. उजवीकडे नेलास तर 2 इंच कमी पडतात.

ते 2 इंच कंत्राटदार कुठून आणणार? एक तर फरशी वर उचलेल. मग बाथरूम पॅसेजपेक्षा इंचभर उंच होईल, आंघोळीचं पाणी घरात येऊ नये म्हणून त्यावर उंबरा घालेल, आणि सासूबाईंना रात्री अंधारात ती पायरी चढायला लागेल. किंवा तो उतार कमी करेल. हे जास्त वाईट, कारण पहिले काही महिने काहीच कळत नाही. मग पाणी पुढे जातं आणि मैला मागे राहतो, फ्लश दोनदा करावा लागतो, कमोडमधली पातळी आधी वर येते आणि मग सावकाश उतरते. आपल्याकडे ज्या दिवशी पाणी कमी येतं त्या दिवशी लोक अर्ध्या बादलीत भागवतात, आणि अशा पाइपात तेवढं पुरत नाही. तिसरा रस्ता म्हणजे स्लॅबला भोक पाडून पाइप खालच्या काकूंच्या छताखालून नेणं. ते कुणी सुचवलंच तर साफ नाही म्हण. शिवाय डावीकडून उजवीकडे जाताना तो जाड पाइप नहाणीच्या पाइपाला आडवा येणार, तो घोळ वेगळाच.

आणि गळती झाली तर? सोसायटीच्या आदर्श उपविधींत फ्लॅटच्या आतल्या संडास-सिंकमुळे झालेल्या गळतीचा खर्च सभासदाचाच धरलाय. फरशीखाली जितका जास्त पाइप आणि जितके जास्त सांधे, तितकी काकूंच्या छताला ओल येण्याची शक्यता जास्त. पाइपाचे पैसे फार नसतात गं. पैसे जातात ते जुना कोबा पूर्ण उखडायला, तो दोन मजले खाली वाहायला, पुन्हा भरायला आणि वॉटरप्रूफिंग करायला. कमोड जागेवर राहिला की डावीकडचं खोदकाम भिंतीजवळच्या दोन फुटांत आटपतं.

मग आता माझा नकाशा ऐक. डक्टच्या भिंतीची लांबी 90 इंच. डावीकडून सुरुवात कर. तुझ्या जुन्या पॅनच्या पाइपाचं तोंड संडासाच्या बरोबर मध्यावर आहे, म्हणजे डाव्या भिंतीपासून 18 इंचांवर. कमोडच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना किमान 15 इंच मोकळे हवेत. डावीकडे 18 आहेतच, उजवीकडे 15 दिले की कमोडचा हिस्सा 33 इंचांचा झाला. कंत्राटदार म्हणेल, कमोड 3 इंच डावीकडे सरकवला तर जागा वाचेल. वाचेल, पण त्या 3 इंचांसाठी भिंतीतलं जुनं भोक बुजवून नवं पाडायला लागेल. आणि सासूबाईंना डाव्या भिंतीला धरायची दांडी लागणार आहे, तिच्यासाठी ते 3 इंच कामाला येतात. पुढे किती जागा राहते तेही मोज: खोली 48 इंच खोल, कमोड भिंतीपासून साधारण 26 इंच पुढे येतो, समोर 22 इंच उरतात. गुडघ्यांना इतके पुरतात, पण दार आत उघडत असेल तर पुरत नाहीत.

उजव्या टोकाचे 36 इंच आंघोळीला. बसायला स्टूल, बादली आणि तांब्या, सगळं 36 बाय 48 मध्ये आरामात मावतं. जुनी नहाणी उजव्या कोपऱ्यात डक्टच्या भिंतीजवळ आहे, ती तिथेच राहू दे. ट्रॅप नवा घाल, 2 इंच पाणी धरणारा. तेवढं पाणी आत राहिलं की डक्टचा वास वर येत नाही. फरशीचा उतार दाराकडून आणि कमोडकडून त्या कोपऱ्याकडे, दर 60 इंचांना 1 इंच. आंघोळीचा भाग बाकीच्यापेक्षा अर्धा इंच खाली घे आणि मधे उंच पट्टी मुळीच घालू नकोस, ठेच लागते.

33 आणि 36 मिळून 69. मधे उरले 21 इंच. कंत्राटदार तिथे बेसिन बसवेल, आणि दुसऱ्या कुणाच्या घरी मीही तेच केलं असतं. पण तुझ्याकडे मी ती जागा पिंपासाठी ठेवेन. सूर्या धरणाचं पाणी कितीही येवो, आपल्या भागात ज्या घरात साठवण नाही त्या घराची सकाळ कशी जाते हे तुला मी सांगायला नको. 100 लिटरचं पिंप सहसा दीड फुटात बसतं, कमोड आणि आंघोळ दोन्हीकडून हात पोचतो, आणि त्याच्यावर भिंतीतूनच नळ येतो. नाहीतर तेच पिंप उद्या कमोडसमोर किंवा दारात येऊन बसेल. साठवणीची जागा कुणी नकाशात काढतच नाही, आणि मग घर आवळून जातं.

बेसिन बाहेर, आता आहे तिथेच. दोन दारांपैकी मोरीचं दार 30 इंचांचं आहे, ते ठेव. संडासाचं अरुंद दार चिणून टाक. मोरीच्या दाराच्या उजवीकडे पॅसेजमध्ये 18 इंच भिंत उरते, तिथे 16 इंची उथळ बेसिन बसतं. आत कुणी असलं तरी बाहेर दात घासता येतात. आता तुझ्या बेसिनचं पाणी भिंतीतून येऊन मोरीच्या फरशीवर उघडं सांडतं, म्हणून तो कोपरा कायम बुळबुळीत असतो. नव्या कामात तो पाइप आत घेऊन उजव्या भिंतीच्या कडेने 4 फूट उतरवायचा आणि थेट नहाणीच्या जाळीखाली सोडायचा. 4 फुटांना सव्वा इंच उतार लागतो, आणि बेसिनला तो वरूनच मिळतो, फरशी खोदावी लागत नाही.

दार बाहेर उघडणारं कर, आणि बिजागऱ्या डावीकडे, म्हणजे ते चिणलेल्या भिंतीवर जाऊन टेकेल आणि बेसिनला लागणार नाही. हे माझं हट्टाने सांगणं आहे. आत उघडणाऱ्या दारामागे म्हातारं माणूस पडलं तर त्याच्या अंगानेच दार अडतं आणि बाहेरच्याला आत जाता येत नाही. कडी बाहेरून नाण्याने उघडेल अशी घे.

कमोड समोर दिसतो, याची तुला खंत वाटते ना? माझ्या नकाशात दाराच्या समोर पिंप आणि आंघोळीची बाजू येते, कमोड डावीकडे राहतो. दारात उभं राहून मान वळवल्याशिवाय तो दिसत नाही. कंत्राटदाराला जे हवं होतं ते पाइप न हलवताच मिळालं.

ताज्या पाण्याच्या नळ्यांचंही याच्यातच भागतं. गच्चीवरच्या टाकीची लाइन डक्टमधून आत येते. डक्टच्या भिंतीत एकच आडवी लाइन घाल, तिच्यावरच फ्लशची टाकी, जेट, पिंपाचा नळ आणि आंघोळीचा मिक्सर. बेसिनला तेवढा एक फाटा. चार भिंती खाचायच्या ऐवजी एकच खाचायला लागते, आणि उद्या गळलं तर कुठे शोधायचं हे माहीत असतं.

आता एक गोष्ट तू स्वतः बघून ये. इमारतीच्या मागे जा आणि डक्टमध्ये वर बघ. दोन वेगळे उभे पाइप दिसतील. एक संडासांचा, जो गच्चीच्या वर जाऊन जाळीच्या टोपीने संपतो आणि खाली चेंबरला जातो. दुसरा मोऱ्यांचा, जो खाली गल्ली ट्रॅपमध्ये पडतो. आपल्या बऱ्याच इमारती अजून सेप्टिक टँकवर आहेत, म्हणून साबणाचं सगळं पाणी त्या टाकीत जाऊ नये यासाठी हे पाइप वेगळे ठेवलेले असतात. भिंत पाडल्यावर प्लंबरला मोह होतो, दोन्ही एकाच पाइपात जोडून टाकूया, काम सोपं. त्याला तसं करू देऊ नकोस. जुन्या सॉइल पाइपात नहाणी जोडली की कुणी वरच्या मजल्यावर फ्लश केला तर तुझ्या ट्रॅपमधलं पाणी ओढलं जाऊ शकतं. ओळखायची खूण सांगते: कमोडमध्ये बादलीभर पाणी झपकन ओत आणि कुणाला तरी नहाणीच्या जाळीतून बघायला सांग. ट्रॅपमधलं पाणी हललं किंवा गुळगुळ आवाज आला तर जोडणी चुकली.

कमोड कोणता, हेही विचारलंस. दोन प्रकार असतात. एकाचं तोंड खाली फरशीत जातं, त्याला दुकानात एस ट्रॅप म्हणतात. दुसऱ्याचं मागे भिंतीत जातं, तो पी ट्रॅप, आणि त्याच्या तोंडाचा मध्य फरशीपासून साधारण 7 इंचांवर असतो. पी ट्रॅप मला जास्त आवडतो, कारण फरशीखाली मैल्याचा पाइपच राहत नाही. पण त्यासाठी डक्टमध्ये परांची बांधून उभ्या पाइपाला त्या उंचीवर नवा सांधा द्यायला लागतो, आणि तो पाइप सोसायटीचा आहे. आधी लेखी परवानगी माग. मिळाली तर पी ट्रॅपच घे. नाही मिळाली तर एस ट्रॅप, पण कोब्यातला जुना बेंड आणि भिंतीपर्यंतचा तुकडा बदलूनच. एस ट्रॅप घेताना मागच्या भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंतचं माप नव्या टाइल्स धरून मोज. उघड्या भिंतीपासून 9 इंच मोजलेस आणि मग माल आणि टाइल मिळून सव्वा इंच चढली, तर 9 इंची कमोड तिथे बसणारच नाही, आणि दुकानदार तो परत घेत नाही.

कंत्राटदाराला म्हण की तोडायला सुरुवात करायच्या आधी उजव्या भिंतीजवळ फूटभर खड्डा खणून स्लॅबपर्यंतची खोली दाखव. छतावरून काढलेले माझे 9 इंच तिथे खरे-खोटे होतील. 8 निघाले तरी हा नकाशा चालतो, फक्त फरशी पॅसेजच्या बरोबरीला येईल आणि दाराशी अर्ध्या इंचाची तिरकी घासलेली ग्रॅनाइटची पट्टी लागेल. वॉटरप्रूफिंग झाल्यावर नहाणीला बूच मारून फरशीवर पाणी भर, भिंतीवर पेन्सिलीने पातळीची खूण कर आणि 48 तास तसंच ठेव. त्या दोन दिवसांत रोज खाली काकूंकडे जाऊन त्यांच्या मोरीचं छत आणि भिंतींचे कोपरे हाताने चाचपून ये. कोबा भरायच्या आधी प्रत्येक पाइपाचा फोटो काढ, शेजारी टेप लावून, डाव्या भिंतीपासून किती आणि डक्टच्या भिंतीपासून किती ते दिसेल असा. फोटो मलाही पाठव. आणि दांडीसाठी डाव्या भिंतीत कुठून ड्रिल करायचं ते त्या फोटोवर मी खूण करून देईन, पाण्याची लाइन तिथून जात नाही ना ते बघून.